गाडीच्या पॉलिसीतलं ‘पुराचं’ कलम सोपं करण्याआधीची तयारी

पुण्यात जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पूर कव्हर असतो, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतच ‘परिणामी नुकसान आणि यांत्रिक बिघाड’ वगळलेला असतो. ही दोन वाक्यं ग्राहकाला वेगवेगळ्या पानांवर सापडतात, म्हणून हे कलम ग्राहकासाठी सोप्या भाषेत लिहायला बसण्याआधी दोन्ही शेजारीशेजारी ठेवा. त्यांच्यासोबत तो नियमही ठेवा, की बिघाडानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाचं.

मग क्लेम विभागाकडून इंजिनाच्या नाकारलेल्या दाव्यांतल्या घटना मागवा. सर्व्हेयरने काय पाहिलं ते हवं, नुसतं नाकारल्याचं पत्र नको. बहुतेक गोष्ट अशी असते: पाणी ओसरतं, मालक ‘चालू होतेय का बघू’ म्हणून स्टार्टर मारतो, हवेच्या वाटेने शिरलेलं पाणी सिलिंडरमध्ये असतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे पुराने झालं नाही, स्टार्टरने झालं.

आता कच्चं वाक्य लिहा, पण त्यात माणूस आणि त्याची कृती दिसू द्या: “पाण्यात बुडालेली गाडी मेकॅनिकने तपासण्याआधी तुम्ही सुरू केलीत आणि त्यामुळे इंजिन बिघडलं, तर इंजिन दुरुस्तीचा खर्च या पॉलिसीत मिळणार नाही.” लगेच खाली मिळणारी बाजूही लिहा: “गाडी सुरू न करता टो करून नेलीत, तर पाण्याने खराब झालेल्या सीट, वायरिंग वगैरेंचा खर्च, घसारा आणि तुमच्या वाट्याची रक्कम वजा करून मिळेल.” इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलं असेल तर काय बदलतं, तेही इथेच सांगा. ते शेवटच्या पानावर ढकललं की ग्राहकाला उत्तर अर्धंच मिळतं.

सर्वांत जास्त वेळ मधल्या प्रसंगाला द्या. गाडी धावत असताना भुयारी मार्गातल्या पाण्यात बंद पडली, मालकाने पुन्हा स्टार्टर मारलाच नाही. वरच्या वाक्यात हा प्रसंग बसत नाही आणि वाद नेमका इथेच होतो. स्वतः अंदाज बांधू नका. क्लेम विभागाकडून लेखी उत्तर घ्या आणि त्यासाठी वेगळं वाक्य लिहा.

‘इत्यादी’ आणि ‘अशा स्वरूपाचे’ हे शब्द काढून टाका. मूळ कलम मात्र तसंच राहू द्या आणि सोप्या मजकुराच्या शेजारी त्याचा क्रमांक द्या. आपली वाक्यं मूळ कलमापेक्षा जास्त वगळत नाहीत ना, हे विधी विभागाकडून तपासून घ्या.

शेवटी मजकूर विमा क्षेत्राबाहेरच्या, गाडी असलेल्या दोन-तीन जणांना द्या. ‘समजलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. वरचे तिन्ही प्रसंग सांगा आणि पैसे मिळतील की नाही ते विचारा. ज्या प्रसंगाला ते अडखळतील किंवा दोघांची उत्तरं वेगळी येतील, तेवढं वाक्य पुन्हा लिहायला घ्या.