केवल मूल्य असलेली सीमा कशी काढावी

lim(x→3) |x² − 2x − 3| / (x − 3) हे उदाहरण घेऊ.

सर्वात आधी x = 3 फक्त दांड्यांच्या आतल्या राशीत घाला. 9 − 6 − 3 = 0. शून्य आले, म्हणून पुढची खटपट करावी लागणार. याच राशीची सीमा x→1 ला विचारली असती तर आत −4 आले असते. 1 च्या जवळपास आतली राशी ऋणच राहते, तेव्हा दांड्या काढून चिन्ह बदलायचे, थेट किंमत घालायची आणि मोकळे व्हायचे: 4/(−2) = −2. पुष्कळ मुले तिथेही डावी-उजवी करत बसतात. त्याची गरज नसते.

आता आतल्या राशीचे अवयव पाडा: (x − 3)(x + 1). 3 च्या आसपास x + 1 हा 4 च्या जवळ, म्हणजे धनच असतो. चिन्ह बदलतो तो फक्त x − 3.

उजवीकडून, म्हणजे x > 3 असताना, आतली राशी धन आहे. दांड्या तशाच काढा. x − 3 छेदाशी कटतो आणि उरते x + 1, ज्याची सीमा 4.

डावीकडून आतली राशी ऋण आहे, म्हणून तिच्यामागे उणे लावूनच दांड्या काढायच्या. उरते −(x + 1), सीमा −4.

दोन्ही जुळत नाहीत, म्हणून सीमा अस्तित्वात नाही. खात्री हवी असेल तर x = 3.01 आणि 2.99 घालून पाहा: 4.01 आणि −3.99 येतात.

खरी चूक होते ती 'उजवीकडे अधिक, डावीकडे उणे' असे पाठ केल्यामुळे. हीच राशी घ्या, पण छेदात x + 1 ठेवा आणि x→−1 करा. −1 च्या किंचित उजवीकडे x + 1 धन आहे, पण x − 3 हा −4 च्या जवळ आहे, म्हणून आतली राशी ऋण. उणे चिन्ह इथे उजव्या बाजूला लागते! उजवी सीमा −(x − 3) वरून 4 येते, डावी x − 3 वरून −4. पाठ केलेला नियम लावला असता तर दोन्ही उत्तरांची चिन्हे उलटी आली असती. 'सीमा नाही' हा निष्कर्ष मात्र तोच राहिला असता, म्हणून ही चूक लक्षातही येत नाही. बाजू कोणतीही असो, चिन्ह आतल्या राशीचे पाहायचे.

आणखी एक: चिन्ह बदलले म्हणजे सीमा गेलीच, असे नाही. छेद काढून नुसते |x² − 2x − 3| ठेवा. 3 पाशी दोन्ही बाजूंच्या राशी अजूनही वेगळ्याच आहेत, एक (x − 3)(x + 1) आणि दुसरी तिच्या उलट चिन्हाची, पण दोन्ही शून्याकडेच जातात. सीमा आहे, आणि ती 0 आहे.