टोकन परत मागताय? आधी अलॉटमेंट लेटरवरची तारीख पाहा, आणि या चुका टाळा

फ्लॅट रद्द करायचं ठरलं की बहुतेक जण सेल्सवाल्याला फोन करतात. तो म्हणतो, "मॅनेजमेंटशी बोलतो, काळजी करू नका." इथेच पैसे बुडायला सुरुवात होते.

बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने ऑगस्ट 2022 मध्ये अलॉटमेंट लेटरचा, म्हणजे बुकिंग केल्यावर बिल्डर देतो त्या पत्राचा, नमुना ठरवून दिला. त्यानुसार लेटर जारी झाल्यापासून 15 दिवसांत बुकिंग रद्द केलं तर बिल्डरला काहीच कापता येत नाही. 16 ते 30 दिवसांत 1 टक्का, 31 ते 60 दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर 2 टक्के कापता येतात. ही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे कमी कापा म्हणून जरूर भांडा.

पण हे टक्के टोकनवर नसून फ्लॅटच्या किमतीवर असतात, आणि हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. समजा फ्लॅट 70 लाखांचा आणि टोकन एक लाख. बाराव्या दिवशी लेखी कळवलंत तर पूर्ण लाख परत. विसाव्या दिवशी 70 हजार जातात, हातात 30 हजार येतात. चाळिसाव्या दिवशी कपात 1 लाख 5 हजार होते, म्हणजे टोकन संपलंच. बँकेने कर्ज नाकारलं हे कारण कितीही खरं असलं तरी या तक्त्यात त्याला वेगळी सूट नाही. म्हणून कर्जाच्या निकालाची नुसती वाट पाहत बसू नका, पंधरा दिवसांच्या आत बँकेकडून स्पष्ट उत्तर घ्या.

रद्द करण्याचं पत्र ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने, दोन्हीकडून पाठवा. त्यात बुकिंगची तारीख, फ्लॅट नंबर, भरलेली रक्कम आणि स्वतःचा खाते क्रमांक लिहा. पत्र बिल्डरला मिळाल्यापासून 45 दिवसांत पैसे परत यायला हवेत. उशीर झाला तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाचं व्याज ठरवताना बँक जो दर पाया धरते त्यावर, 2 टक्के जास्त, असं व्याज मागता येतं. "हा फ्लॅट दुसऱ्याला विकला की देतो" या उत्तराला त्या नमुन्यात जागा नाही.

ऑफिसात बोलावून मूळ पावती आणि लेटर मागतील. फोटो काढून ठेवल्याशिवाय आणि पोच घेतल्याशिवाय देऊ नका. "कोणतीही बाकी नाही" अशा कागदावर पैसे खात्यात आल्यावरच सही करा, पुढच्या तारखेचा चेक हातात ठेवला म्हणून नाही.

बिल्डर दाद देत नसेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तक्रार करा. तिथेही एक चूक वारंवार होते: रेरा कायद्याच्या कलम 18 खाली परतावा मागणं. ते कलम बिल्डरने ताबा वेळेत दिला नाही तेव्हाचं आहे, तुम्ही स्वतःहून माघार घेतली तेव्हाचं नाही. तुमची मागणी अलॉटमेंट लेटरमधल्या रद्द करण्याच्या अटीवर उभी करा. लेटरच दिलं नसेल तर तेही तक्रारीत ठळक लिहा, कारण ज्या लेटरपासून दिवस मोजायचे तेच बिल्डरने दिलेलं नाही.