शिक्षक दिनाचं आभार प्रदर्शन: या चुका टाळा

शिक्षक दिनाच्या कार्यक्रमात आभाराची पाळी सगळ्यांत शेवटी येते. तोवर ईशस्तवन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, मुलांची मनोगतं, पाहुण्यांचं भाषण आणि अध्यक्षीय समारोप एवढं सगळं होऊन गेलेलं असतं. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्म 5 सप्टेंबर 1888 चा आणि 1962 पासून तो दिवस शिक्षक दिन म्हणून साजरा होतो, हे प्रास्ताविकात सांगून झालेलं असतं. बहुतेक वेळा पाहुण्यांनीही ते पुन्हा सांगितलेलं असतं. तरी आभाराला उभं राहिलेलं मूल पुन्हा तिथूनच सुरुवात करतं आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात सभागृह हातातून जातं.

मी मुंबईतल्या एका मराठी शाळेत मराठी शिकवते. ऑगस्ट संपत आला की आभाराचे कागद तपासायला माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी दहावीच्या एका मुलीनं आणलेला मसुदा असा होता:

«आज आपल्या शाळेत शिक्षक दिन मोठ्या उत्साहात साजरा झाला. शिक्षक हे समाजाचे शिल्पकार असतात. ते मेणबत्तीप्रमाणे स्वतः जळून इतरांना प्रकाश देतात. मुख्याध्यापिका बाई, उपमुख्याध्यापक सर, पर्यवेक्षिका बाई, सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांचे मी मनःपूर्वक आभार मानते. आभार मानून त्यांच्या ऋणातून मुक्त होण्यापेक्षा त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करेन.»

यात भाषेची चूक एकही नाही. पण हा कागद शेजारच्या शाळेत नेऊन वाचला तरी चालेल, आणि हीच त्याची अडचण. मी तिला एवढंच करायला सांगितलं: प्रत्येक वाक्यातल्या माणसाच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवून बघ. वाक्य तसंच खरं राहिलं तर ते खोड. कागदावर काही उरलं नाही.

मग मुलं उलट्या टोकाला जातात. बाविसाव्या नावापर्यंत सगळ्या शिक्षकांची यादी करून प्रत्येकापुढे एक गुण लिहितात: गणिताचे सर शिस्तप्रिय, इंग्रजीच्या बाई प्रेमळ, चित्रकलेचे सर हौशी. आभाराला साधारण तीन मिनिटं मिळतात. सावकाश बोललं तर तेवढ्यात सव्वातीनशे शब्द मावतात, म्हणजे एका शिक्षकाला पंधरा. त्या पंधरा शब्दांत प्रेम दिसत नाही, हजेरी घेतल्यासारखं वाटतं. आणि एखादं नाव राहिलंच तर ते माणूस समोरच बसलेलं असतं.

यावर मला पटलेला उपाय असा. नाव घ्यायचं ते फक्त पाहुण्यांचं, अध्यक्षांचं आणि मुख्याध्यापकांचं. बाकी शिक्षकांचं नाव घ्यायचं नाही, त्यांनी केलेली एखादी गोष्ट सांगायची. ती गोष्ट कुणाची हे सगळ्या शाळेला ठाऊक असतं, त्या शिक्षकांना तर असतंच. ज्यांची गोष्ट आली नाही त्यांनाही यादीतून वगळल्यासारखं वाटत नाही, कारण यादीच नसते. फक्त निवडताना सगळ्या गोष्टी दहावीच्याच वर्गातल्या नकोत. एक लहान वर्गातली असावी, एक वर्गाबाहेरची, आणि एक शिपाईकाका, मावशी, ग्रंथपाल किंवा कार्यालयातल्या कुणाची तरी.

गोष्टी मिळवायच्या कशा? तिला मी वेगवेगळ्या वर्गांतल्या पाच-सहा मुलांकडे पाठवलं. ‘तुला कोणते सर आवडतात?’ असं विचारलं की ‘सगळेच छान आहेत’ हेच उत्तर येतं. म्हणून प्रश्न ठरवून दिला: ‘सरांनी किंवा बाईंनी केलेलं असं काय तू डोळ्यांनी पाहिलंस, जे त्यांना करायलाच हवं असं नव्हतं?’ तिच्या वहीत दोन दिवसांत दोन पानं भरली. आणखी एक जागा तिनं मुद्दाम मोकळी ठेवली. त्या दिवशी दहावीची मुलं शिक्षक होऊन वर्गांवर जातात, आणि तीही पाचवीवर जाणार होती. तिथं काय होईल ते आदल्या दिवशी लिहिता येणारच नव्हतं.

तिनं शेवटी म्हटलेलं भाषण हे:

«व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या सगळ्या बाई आणि सर,

आज तिसऱ्या तासाला मी पाचवीला अपूर्णांक शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘ताई, आठ चारापेक्षा मोठे, मग एक अष्टमांश एक चतुर्थांशापेक्षा लहान कसा?’ मला माहीत होतं, पण समजावता येईना. मी शिक्षक खोलीत धावले. बाई, तुम्ही मला उत्तर सांगितलं नाहीत. वहीचं एक पान हातात दिलंत आणि म्हणालात, ‘तिलाच घड्या घालू दे.’ तिनं चार भाग केले, मग आठ केले, आणि स्वतःच म्हणाली, ‘अगं ताई, तुकडा लहान झाला!’ पाच वर्षांपूर्वी त्याच वर्गात तुम्ही मलाही असंच एक पान दिलं होतंत.

सर, आमच्या पेपरात चुकलेल्या गणितावर तुम्ही फुली मारत नाही. जिथं पायरी चुकली तिथं पेन्सिलीनं छोटी रेघ ओढता. त्या रेघेच्या वरचं सगळं बरोबर आलंय, हे आम्हाला त्यावरून कळतं.

जुलैत लोकल बंद पडल्या त्या संध्याकाळी दुपारच्या सत्रातली मुलं शाळेत अडकली होती. शेवटच्या मुलाचे बाबा येईपर्यंत तुम्ही दोघी बाई थांबलात. त्यातल्या एकीला पुढं बदलापूर गाठायचं होतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

काका, ओल्या छत्र्या तुम्ही जिन्याखाली वर्गवार लावून ठेवता, म्हणून शाळा सुटल्यावर आमची एकही छत्री हरवत नाही.

मुख्याध्यापिका बाई, आज तुम्ही अख्खी शाळा आमच्या हाती दिलीत आणि एकदाही वर्गात डोकावला नाहीत.

प्रमुख पाहुण्या, आपण वेळ काढून आलात. आपण सांगितलेली, पहिल्या दिवशी वर्गात पाय थरथरल्याची आठवण आज आम्हाला अगदी पटली, कारण सकाळी आमचेही थरथरत होते.

आम्ही सगळे विद्यार्थी तुमचे मनापासून आभारी आहोत.»

‘आभार’ हा शब्द यात एकदाच, अगदी शेवटी आला आहे. ‘प्रेमळ’, ‘शिस्तप्रिय’, ‘कष्टाळू’ यांतला एकही शब्द नाही. पेन्सिलीची रेघ सांगितल्यावर शिस्तीचं किंवा मायेचं वेगळं विशेषण लावावं लागत नाही. लावलं तर उलट रेघ फिकी पडते.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे बहुतेक मुलांचं लक्ष जात नाही. पहिल्या मसुद्यात ‘यांचे मी आभार मानते’ असं होतं, म्हणजे समोर बसलेल्या माणसाबद्दल तिसऱ्याच कुणाला तरी सांगणं. दुसऱ्यात ती ‘सर, तुम्ही’ असं थेट बोलते. एवढ्या बदलानं मान आपोआप कागदावरून वर येते. पण संबोधनात गल्लत नको. पाहुण्यांना ‘आपण’, शाळेच्या बाईंना आणि सरांना ‘तुम्ही’. रोज ज्यांना ‘तुम्ही’ म्हणतो त्यांना त्या दिवशी एकदम ‘आपण’ म्हटलं की घरचं माणूस परकं वाटायला लागतं.

नेमकं सांगण्याच्या भरात होणारी एक चूक मात्र दुखावणारी असते. एका मुलानं लिहून आणलं होतं की सरांनी वर्गातल्या एकाची शिष्यवृत्ती परीक्षेची फी गुपचूप भरली. गोष्ट खरी होती आणि सुंदरही. पण सरांनी ती गुपचूप भरली होती, आणि तो मुलगा सभागृहातच बसणार होता. पैसा, घरची परिस्थिती, आजारपण, नापास होणं, रडणं यांतलं काही गोष्टीत असेल तर आधी त्या मुलाला आणि त्या शिक्षकांना दोघांनाही विचारायचं. कुणीही जरा घुटमळलं तरी ती गोष्ट काढून दुसरी घ्यायची. शिक्षकांच्या सवयींची नक्कलही अशीच. वर्गात हशा पिकतो, पण पाहुण्यांसमोर त्याच माणसाला अवघडल्यासारखं होतं.

प्रत्यक्ष उभं राहिल्यावर काय काय अडतं, तेही सांगते.

कार्यक्रम लांबतो आणि सूत्रसंचालक कानात सांगतो, ‘एकच मिनिट हं.’ घाईनं तीन मिनिटांचं एका मिनिटात वाचलं तर कुणालाच काही कळत नाही. म्हणून कोणते परिच्छेद गाळायचे त्यांच्या समासात घरीच खूण करून ठेवावी. वरच्या भाषणात अपूर्णांकाची गोष्ट, मुख्याध्यापिका, पाहुण्या आणि शेवटची ओळ एवढं ठेवलं तरी ते पूर्ण वाटतं.

गणपतीच्या सुट्ट्या, रविवार किंवा मोठा पाऊस यामुळे मुंबईत कार्यक्रम एक-दोन दिवस मागंपुढं होतो. कागदावर ‘आज 5 सप्टेंबर’ असं लिहिलेलं असेल तर ते आदल्या दिवशी तपासा. पत्र्याच्या छपराखाली पावसाचा आवाज वाढला तर आवाज चढवून ओरडू नका. माइकच्या जवळ जा आणि वाक्यं तोडून सावकाश बोला.

तुमची गोष्ट आधीच्या वक्त्यानं सांगून टाकली तर ती पुन्हा सांगू नका, नि सोडूनही देऊ नका. ‘आत्ता जी रेघेची गोष्ट ऐकली, ती माझ्या पेपरातही आहे’ एवढं एक वाक्य पुरतं. मध्येच गळा दाटून आला तर माफी मागायची गरज नाही. थांबा, श्वास घ्या आणि पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्या शब्दापासून सुरू करा. तो शब्द ठळक लिहिलेला असला की नजर बरोबर तिथं जाते.

पाहुण्यांसाठीची जागा कागदावर कोरी ठेवा आणि त्यांचं भाषण चालू असताना पेन हातात ठेवा. त्यांच्या बोलण्यातलं एकच वाक्य टिपायचं, आणि तेही सल्ल्याचं नको, त्यांच्या स्वतःच्या आठवणीतलं असावं. कधी कधी पाहुण्यांना दुसऱ्या शाळेत पोचायचं असतं आणि त्या आभाराआधीच निघतात. अशा वेळी रिकाम्या खुर्चीकडे बघून ‘आपण’ म्हणू नका. ‘पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जावं लागलं, पण त्यांनी सांगितलेली ती आठवण आमच्याजवळ राहिली आहे’ असं म्हणा आणि पुढं चला. ते टिपलेलं वाक्य त्यांना पाठवायच्या आभारपत्रात घालायला सांगा. ते पत्र कार्यालयातून दुसऱ्या दिवशी जातं, तेव्हा कागद बाईंकडे त्याच दिवशी देऊन ठेवा.