गुळगुळीत ईमेलमध्ये माणूस आणताना या चुका टाळा

छापखान्यात ग्राहकांचे ईमेल मी लिहिते. सगळ्यात अवघड मेल असतो तो तारीख चुकल्याचा. एका पतसंस्थेला २,००० डायऱ्या १८ डिसेंबरला द्यायच्या होत्या आणि १५ तारखेला आमच्या लॅमिनेशन मशीनचा रोलर गेला. तेव्हा पहिला मसुदा असा झाला होता:

«आदरणीय महोदया, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव आपल्या ऑर्डरच्या वितरणास विलंब होत असल्याचे आपणांस कळविण्यात येत आहे. सदर बाबीवर युद्धपातळीवर कार्यवाही करण्यात येत असून लवकरात लवकर माल पोहोचविण्यात येईल. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.»

व्याकरणात एकही चूक नाही. पण ‘ऑर्डर’ आणि ‘माल’ हे शब्द सोडले तर हाच मेल वीज गेल्याबद्दल किंवा पाणी न आल्याबद्दलही चालेल. मसुदा गुळगुळीत झालाय हे ओळखायची माझी खूण हीच: नाव बदलून तो दुसऱ्या कुणालाही पाठवता येतो का?

पहिली चूक इथेच होते. मेल कोरडा वाटला की आपण वरून गोडवा ओततो. ‘आशा आहे आपण मजेत असाल’, शेवटी एखादा हसरा चेहरा. ज्या बाईंना रविवारच्या सभेत सभासदांना डायऱ्या वाटायच्या आहेत, त्यांना तो हसरा चेहरा बोचेल. आपुलकी दिसते ती तपशिलातून. त्या फोनवर काय म्हणाल्या होत्या, त्यांची अडचण नेमकी कोणत्या दिवशी आहे, हे तुम्हाला आठवतंय, एवढं मेलमध्ये दिसलं की पुरे.

दुसरी चूक क्रियापदांतली, आणि मराठीत ती फार खोल रुजली आहे. ‘कळविण्यात येत आहे’, ‘करण्यात येईल’ या रचनेत कर्ताच नसतो. कुणी कळवलं? कोण पोहोचवणार? सरकारी परिपत्रकात ते चालतं, कारण तिथे कार्यालय बोलत असतं. इथे शब्द मी दिला होता, तर ‘मी सांगितलं होतं’ असंच लिहायला हवं. मसुद्यातले सगळे ‘-ण्यात ये’ शोधा आणि प्रत्येकाला कर्ता द्या. निम्मं काम तिथेच होतं.

‘आपण’ या शब्दाकडेही लक्ष ठेवा. तो आदरार्थी ‘तुम्ही’ही होतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही. ‘आपण शनिवारी गाडी पाठवू’ म्हटल्यावर गाडी कुणाची, हा प्रश्न उरतोच. फोनवर ज्यांच्याशी ‘तुम्ही’ने बोलता त्यांना मेलमध्येही ‘तुम्ही’च लिहा. त्यात आदर कमी होत नाही. एकाच मेलमध्ये दोन्ही आले, तर मात्र दोन माणसांनी मिळून लिहिल्यासारखं वाटतं.

शेवटी गेलेला मेल असा होता:

«विषय: डायऱ्या – ५०० प्रती २० डिसेंबरला, १,५०० प्रती २२ला

नमस्कार मॅडम,
डायऱ्या १८ तारखेला देते असं मी सांगितलं होतं, ते जमणार नाही. आमच्या लॅमिनेशन मशीनचा रोलर काल खराब झाला आणि नवा गुरुवारी येतोय. आतली पानं छापून झाली आहेत. कव्हरचं लॅमिनेशन आणि बाइंडिंग राहिलंय.
रविवारी तुमची सभा आहे, म्हणून ५०० कव्हरं आम्ही बाहेरून लॅमिनेट करून घेतोय. त्या डायऱ्या शनिवारी दुपारपर्यंत तुमच्या शाखेत येतील. बाकीच्या १,५०० सोमवारी. बाहेरच्या कामाचा खर्च आमच्याकडे.
सभेला ५००पेक्षा जास्त लागणार असतील तर उद्या १२ वाजेपर्यंत सांगा, तेवढ्या वाढवता येतील.
दिलेली तारीख पाळता आली नाही, माफ करा.»

लांबी वाढली, पण वाचायला तो सोपा झाला. ‘राहिलंय’, ‘येतोय’ ही बोलण्यातली रूपं इथे चालतात, कारण तारखा, आकडे आणि खर्च कुणाचा हे चोख आहे. व्यावसायिकपणा त्यात असतो. उलट, माणूस वाटावं म्हणून मुद्दाम शुद्धलेखन सैल सोडणं किंवा ‘काय सांगू, आठवडाच वाईट चाललाय’ असं रडगाणं लावणं, ही तिसरी चूक. रोलर बिघडला हे ग्राहकाला कळायला हवं, कारण त्यावरून नवी तारीख खरी वाटते. ऑपरेटरने काय हयगय केली, ते आपल्या घरातलं.

मी मेल मोठ्याने वाचते. फोनवर जे वाक्य बोलताना जीभ अडखळेल, ते बदलते. ‘सदर बाबीवर’ तिथेच गळून पडलं.

पाठवण्याआधी सीसीची ओळ मात्र बघा. मेल संस्थेच्या अध्यक्षांनाही जात असेल, तर ‘तुम्ही फोनवर म्हणाला होतात’ या वाक्याने मॅडम अडचणीत येऊ शकतात; त्या कदाचित त्यांच्या साहेबांना न विचारता बोलल्या असतील. म्हणून वर मी फक्त ‘रविवारी तुमची सभा आहे’ एवढंच ठेवलं.