आजीच्या इंडक्शन शेगडीचे कार्ड लिहिताना या चुका टाळा

नवी शेगडी आणून देणारी नातवंडे घाईघाईने जे कार्ड भिंतीवर चिकटवतात, त्यावर बहुधा एवढेच असते: ‘चहासाठी हे बटण, तळण्यासाठी ते बटण’. आयुष्यभर जाळ पाहून स्वयंपाक केलेल्या बाईला बटणाचे नाव पुरत नाही. तिला कार्डावर वॅटचा आकडा हवा आणि तो कधी बदलायचा तेही हवे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तेल लवकर तापावे म्हणून 2000 वॅट लावणे. लातूरला आमच्या मावशीकडे पंचमीच्या दिवशी नातवाने तेच केले आणि तो बाहेर निघून गेला. खाली जाळ दिसत नसल्यामुळे आजी पीठ कालवत निवांत बसल्या. कढईत जेमतेम अर्धा लिटर तेल होते. ते काही मिनिटांतच धुरावले. त्यात सोडलेली भजी बाहेरून काळी पडली आणि आत पीठ कच्चेच राहिले. शेगडीचा तापमापक काचेखाली असतो, त्यामुळे तेल किती तापले हे त्याला उशिरा कळते. तळण्याच्या तयार बटणावरही मी म्हणूनच विसंबत नाही. घाण्याचे करडईचे तेल तर रिफाइंड तेलापेक्षा लवकर धूर सोडते.

कार्डावर मी असे लिहीन: अर्धा लिटर तेल 1200 वॅटवर तीन-चार मिनिटे तापवावे आणि पिठाचा थेंब टाकून पाहावा. थेंब तळाशी बसला तर तेल थंड आहे. बुडबुडे काढत सावकाश वर आला तर तयार आहे. टाकताच करपला तर शेगडी बंद करून थोडे थांबावे. भजी सोडल्यावर तेल निवते, म्हणून घाणा चालू असताना 1200 वॅट ठेवावे आणि दोन घाण्यांच्या मधे 800 वर आणावे. धूर दिसला तर कढई न हलवता शेगडी बंद करावी.

चहाची चूक त्यामानाने लहान आहे, पण रोजची आहे. दोन कपांसाठी पाणी, साखर, पत्ती आणि आले 1000 वॅटवर उकळावे, मात्र दूध घालण्याआधी 500 ते 600 वर यावे. चुलीवर भांडे उचलून उतू जाणे थांबवता येते. येथे उतू गेलेले दूध बटणांच्या पट्टीवर पसरते, शेगडी टींटीं करून बंद पडते आणि ओल्या काचेवर बोटाचा स्पर्श ओळखला जात नाही. तेव्हा आधी मेन बटण बंद करावे, भांडे बाजूला ठेवून काच जरा निवू द्यावी आणि मगच कोरड्या फडक्याने पुसावी.

पितळी पातेले आणि साधे ॲल्युमिनियम या शेगडीवर तापत नाहीत. तळाला चुंबक चिकटला तरच भांडे घ्यावे. तळ सपाट हवा. हृदयात पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. काम संपल्यावर पंख्याचा आवाज थांबेपर्यंत मेन बटण बंद करू नये. दूध उतू गेले असेल तेव्हा मात्र हा नियम बाजूला ठेवावा.