स्लाइडवर जे लिहिलंय तेच कॅप्शनमध्ये परत कशाला? कॅरोसेल करताना या चुका टाळा

गेल्या आठवड्यात परत एक इन्स्टाग्राम कॅरोसेल, म्हणजे स्वाइप करत बघायची अनेक स्लाइडची पोस्ट, तपासायला आला. सहा स्लाइड, प्रत्येकावर एक फीचर, आणि खाली कॅप्शनमध्ये तीच सहा फीचर्स, फक्त प्रत्येकापुढे हिरवी टिक. पाठवणारा मुलगा म्हणे ताई, कॅप्शन पटकन झालं, स्लाइडवरूनच कॉपी केलं. अरे, ते दिसतंय रे! आता हे सगळं एकदाच लिहून ठेवते म्हणजे दरवेळी व्हॉइस नोट पाठवायला नको.

उदाहरण माझ्याच कामातलं घेते. धारावीत कारखाना असलेल्या एका बॅगवाल्यासाठी ऑफिस बॅकपॅकचा कॅरोसेल केला होता. स्लाइड अशा: पहिलीवर "लोकलमध्ये बॅग पुढे घेता ना?", दुसरीवर पाठीकडचा चोरकप्पा, तिसरीवर पावसाचं, चौथीवर साइज (२२ लिटर, १५.६ इंची लॅपटॉप बसतो), पाचवीवर खांद्याचे पट्टे, सहावीवर किंमत आणि ऑर्डर कशी करायची ते. कॅप्शनच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी पण तेच केलं होतं, टिक लावून सहा ओळी. खोटं कशाला बोलू.

यात बिघडतं काय, तर माणूस स्लाइड बघतो आणि त्यातल्या एखाद्या गोष्टीवर अडकतो. बॅगेच्या बाबतीत तो चोरकप्प्यावर अडकला. फोटोत चेन दिसतेय, बाजूला "चोरकप्पा, पास आणि पाकिटासाठी" असं लिहिलंय. आता त्याच्या डोक्यात प्रश्न आलाय, की गर्दीत बॅग पुढे घेतली तर हा कप्पा उघडणार कसा, तो तर छातीला चिकटणार ना? या प्रश्नाचं उत्तर शोधायला तो कॅप्शन उघडतो आणि तिथे लिहिलेलं असतं, "चोरकप्पा, पास आणि पाकिटासाठी". झालं, गेला तो पुढच्या रीलवर.

मग मी बॅग घेऊन स्वतः दादर ते अंधेरी गेले, पुढे अडकवून. तेव्हा कळलं की चोरकप्प्याची चेन बाजूला आहे, पाठीवर असताना उजवीकडे, पण बॅग पुढे फिरवली की तीच चेन डाव्या हाताला येते. म्हणजे उजव्या हाताने दांडा धरून डाव्या हाताने पास काढता येतो, सवय व्हायला मात्र एखाद-दोन दिवस जातात. ही गोष्ट कुठल्याच फोटोत दाखवता येत नव्हती, ही कॅप्शनचीच गोष्ट. शेवटी कॅप्शनची सुरुवात अशी झाली:

"गर्दीत बॅग पुढे घेतली की पाठीकडचा कप्पा उघडता येत नाही, असं वाटतं ना? चेन बाजूला दिलीय. बॅग पुढे फिरवली की ती तुमच्या डाव्या हाताला येते. उजवा हात दांड्यावरच राहू दे."

बाकीच्या फीचर्सचं कॅप्शनमध्ये वर्णन नाही, चोरकप्पा झाला की पावसाबद्दल दोन ओळी, मग साइज कुठल्या स्लाइडवर आहे ते आणि किंमत, बस. क्लायंट घाबरला, पट्ट्यांचं राहिलं म्हणाला. पट्टे पाचव्या स्लाइडवर आहेत, फोम किती जाड आहे ते फोटोत दिसतंय, परत सांगून तो जाड होणार नाही.

माझी तपासायची सवय सांगते. स्लाइड झाकायच्या आणि नुसतं कॅप्शन वाचायचं. सगळं प्रॉडक्ट कळलं, तर कॅप्शन म्हणजे स्लाइडची झेरॉक्स आहे, ते परत लिहायचं. मग उलटं, कॅप्शन झाकून एकेक स्लाइड वाचायची. यावेळी प्रश्न वेगळा, ही एकटी स्लाइड कोणाच्या हातात पडली तर त्याचा गैरसमज होईल का? पहिली तपासणी बरेच जण करतात. दुसरी कोणी करत नाही, मीही करत नव्हते, आणि त्याचा फटका याच बॅगेच्या पोस्टमध्ये बसला.

तर झालं असं. जूनमध्ये पोस्ट जायची होती. तिसऱ्या स्लाइडसाठी मी लिहिलेलं वाक्य लांब होतं, डिझायनरचा फोन आला, ताई जागा नाहीये, दोन शब्दांत दे. मी दादरला फलाटावर, गाडी येतेय, मी टाइप केलं "वॉटरप्रूफ बॅग" आणि पाठवून दिलं. मनात म्हटलं, कॅप्शनमध्ये नीट लिहिलंय ना आपण, की कापडाला आतून कोटिंग आहे पण धो धो पावसात खालच्या कप्प्यातलं रेन कव्हर घालायचं. म्हणजे माहिती पूर्ण होती, फक्त दावा वर आणि अट खाली.

आता वॉटरप्रूफ म्हणजे काय ते बघा. कापडावर कोटिंग असलं की कापडातून पाणी शिरत नाही, पण साध्या चेनमधून शिरतं, आणि शिलाईला आतून टेप नसेल तर सुईच्या भोकांतूनही शिरतं. आमच्या बॅगेची चेन साधी होती, शिलाईला टेप नव्हती. म्हणजे ती बॅग पाणी थोडा वेळ अडवणारी होती, वॉटरप्रूफ नव्हती, म्हणून तर कंपनीने सोबत कव्हर दिलेलं.

एका गिऱ्हाइकाला ही तिसरी स्लाइड व्हॉट्सअॅपवर आली, मित्राने स्क्रीनशॉट पाठवलेला. स्क्रीनशॉटसोबत कॅप्शन जात नाही. त्याने बॅग मागवली, परळ स्टेशनवरून ऑफिसपर्यंत पावसात चालत गेला, कव्हर खालच्या कप्प्यात तसंच घडी घातलेलं, आणि वरच्या चेनमधून पाणी जाऊन लॅपटॉपची एक बाजू ओली झाली. नशीब लॅपटॉप वाचला. पण त्याने ओल्या बॅगेचा फोटो काढून आमच्याच पोस्टखाली लिंक टाकली आणि लिहिलं, हे तुमचं वॉटरप्रूफ. क्लायंट म्हणतो कॅप्शनमध्ये लिहिलं होतं की! होतं ना, पण त्या माणसाने ते कधी पाहिलंच नव्हतं, त्याच्याशी काय भांडणार.

पुढची मजा दुरुस्तीची. इन्स्टाग्रामवर पोस्ट गेल्यावर कॅप्शन एडिट होतं, पण स्लाइडचं चित्र बदलता येत नाही, फार तर ती स्लाइड काढून टाकता येते. आम्ही तिसरी काढली. आणि कॅप्शनमध्ये मी हौसेने लिहिलेलं "साइज चौथ्या स्लाइडवर बघा". आता साइज तिसरीवर, चौथीवर पट्टे. दोन दिवस लोक विचारत होते की साइज कुठे दिलीय. तेव्हापासून कॅप्शनमध्ये मी स्लाइडचा नंबर लिहित नाही, "साइजच्या स्लाइडवर" असं लिहिते.

आणि तेव्हापासून कुठली गोष्ट कुठे जाणार हे मी एकाच हिशोबाने ठरवते. दावा जिथे आहे, अट तिथेच, त्याच स्लाइडवर, वाचता येईल अशा अक्षरात. एका कोपऱ्यात फुली मारून खाली बारीक टीप देतात ना, तसलं नाही, फोनवर ती टीप मुंगीएवढी दिसते. आणि जे बदलू शकतं ते कॅप्शनमध्ये: किंमत, ऑफर, कुठला रंग संपलाय, डिलिव्हरी किती दिवसांत. आमच्या सहाव्या स्लाइडवर किंमत छापलेली होती, दिवाळीत ती बदलली, मग काय, तीही स्लाइड काढा. सहाची चार झाली पोस्ट.

नवीन पोस्ट केली तेव्हा पावसाची स्लाइड अशी लिहिली: "कापडातून पाणी शिरत नाही. चेनमधून शिरतं, म्हणून रेन कव्हर सोबत." फोटो कव्हर घातलेल्या बॅगेचा. डिझायनरला म्हटलं जागा नसेल तर बॅग लहान कर, वाक्य नाही. मग कॅप्शन मोकळं झालं, तिथे फक्त एवढंच, की कव्हर खालच्या कप्प्यात असतं, आणि ओलं कव्हर तसंच परत कोंबू नका, वास येतो, ऑफिसला पोचल्यावर खुर्चीला अडकवा. हा वासाचा सल्ला वाचून लोकांनी कमेंटमध्ये आपापले किस्से सांगितले, जे टिकवाल्या यादीवर कधीच झालं नव्हतं. क्लायंटला वाटलं होतं "चेनमधून शिरतं" लिहिलं तर बॅग कोण घेणार. पण पाण्याबद्दलचे मेसेज बंद झाले, त्याचा फोन शांत झाला, मग तोही शांत झाला.

बाकीच्या चुका पटापट.

पहिली ओळ वाया घालवणं. फीडमध्ये कॅप्शनच्या साधारण पहिल्या १२५ कॅरेक्टर्सनंतर बाकीचं "आणखी"च्या मागे जातं, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी हेही मोजलं जातं, म्हणजे वीसएक शब्दच हातात. त्यात "नमस्कार मंडळी, आज आम्ही घेऊन आलो आहोत" लिहिलं की संपलं.

ती पहिली ओळ पहिल्या स्लाइडचंच वाक्य असणं. एका स्क्रीनवर तेच वाक्य दोनदा. स्लाइडने प्रश्न विचारला तर ओळीने त्यात थोडं पुढे जावं, अर्धं उत्तर दिलं तरी चालेल. आणि हो, कोणी स्वाइप न करता पुढे गेला तर इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट त्याला नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणून मी पहिली ओळ दुसऱ्या स्लाइडखाली ठेवूनही वाचून बघते, तिथे ती अधांतरी वाटली तर बदलते.

कॅप्शनमध्ये लांबलचक लिंक टाकणं. ती दाबली जात नाही, टाइप करून कोणी जात नाही. बायोमध्ये टाका.

एकाच वस्तूला दोन नावं. स्लाइडवर "सिक्रेट पॉकेट", कॅप्शनमध्ये "चोरकप्पा". लोकांना वाटतं दोन कप्पे आहेत, हसू नका, खरंच एकीने विचारलं होतं दुसरा कुठाय.

२,२०० कॅरेक्टर्सची मर्यादा आहे म्हणून तेवढं भरणं. ती टाकी नाहीये.

आणि कॅप्शन सगळ्यात शेवटी, पोस्ट करायच्या दहा मिनिटं आधी लिहिणं. नवीन मुलांचं हे ठरलेलं, आधी टेम्प्लेट उघडायचं, रंग निवडायचे, स्लाइड भरायच्या, मग उरलंसुरलं कॅप्शनमध्ये. मी एका कागदावर दोन रकाने करते, डावीकडे स्लाइड, उजवीकडे कॅप्शन, आणि गिऱ्हाइकांनी विचारलेले खरे प्रश्न (दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवरून घेतलेले, मनाने रचलेले नाहीत) एकेक करून कुठल्यातरी एकाच रकान्यात टाकते. दोन्हीकडे टाकावंसं वाटलं तर थांबते. वीस मिनिटं जातात यात. त्या मुलाला सांगितलं तर म्हणे ताई एवढा वेळ नसतो. बरं, म्हटलं, मग पावसाळ्यात भेटू.