हरिपाठाच्या व्हिडिओत कापराची जाहिरात घ्यायची तर

पैसे किती, कधी आणि कशाचे, हे दुकानदाराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. माल वापरून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. कापराची एक वडी स्टीलच्या ताटलीत जाळा. खाली काही उरलं तर भेसळ समजा. काही उरलं नाही म्हणून तो भीमसेनी ठरत नाही, तेव्हा तो शब्द आपल्या तोंडी येऊ देऊ नका.

खरी कटकट पुढे आहे, जाहिरात बसवायची कुठे? दुकानदाराला ती हरिपाठाच्या मधोमध हवी असते, कारण तिथून कोणी उठत नाही. "भाऊ, मंधात एकच वाक्य टाका ना, काय होते?" इथे साफ नाही म्हणा. बुवांचा अभंग चालू असताना कापराचं नाव आलं, की ऐकणाऱ्या म्हातारीला ते बुवांचंच सांगणं वाटतं. दुकानदाराला हवं असतं तेही नेमकं हेच. 'आरतीनंतर टाका' असा सल्ला सर्रास मिळतो, पण आरती झाली की लोक फोन बंद करतात आणि दुकानदार पुढच्या वेळी पैसे कापतो. म्हणून मी जाहिरात सुरुवातीलाच ठेवतो, मंगलाचरणाच्याही आधी, चाळीसेक सेकंदांची. ती ओसरीवर वेगळी चित्रित करायची. मागे मूर्ती नको, टाळ-मृदंग नको आणि बोलणारे बुवा तर नकोतच. जाहिरात संपली की दोन सेकंद पडदा कोरा ठेवा, मग हरिपाठ.

आता उघडपणाचं. यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण करावीच लागते, पण ती पाटी सुरुवातीचे 10 सेकंदच दिसते. जाहिरातींची स्वयंनियमन संस्था एएससीआय सांगते, की दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत जाहिरातीचा भाग चालू असेपर्यंत सूचना दिसायला हवी. तेव्हा कोपऱ्यात ठळक 'जाहिरात' लिहा, आणि मराठीतच. आपल्याकडे मात्र फोन देवळीत ठेवून भाकरी थापता थापता ऐकतात. अक्षरं वाचतो कोण? म्हणून पहिलंच वाक्य तोंडानं म्हणा: "ही जाहिरात आहे, दुकानदारानं आम्हाला पैसे दिले आहेत." कोणी तेवढाच तुकडा गावच्या ग्रुपवर टाकला तरी वाक्य सोबत जातं. 'आमचे स्नेही' वगैरे गोडगोड शब्द इथे चालत नाहीत.

दुकानदाराच्या मजकुरात 'घरातली पीडा जाते', 'सिद्ध केलेला' असं असेल तर खोडा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ती सांगणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वास, जळण्याचा वेळ, किंमत, दुकान कुठे, एवढं सांगितलं की पुरे.

आणि पैसे न घेता नुसतं पूजेचं ताट फुकट आलं असेल, तर त्याचं नाव घेताना तेही सांगायचं.